ऑप्शनलचा रकाना

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचा अर्ज भरताना मुलांचं सगळं लक्ष नावाच्या स्पेलिंगवर, जातीच्या दाखल्यावर, फोटोच्या आकारावर आणि पूर्व परीक्षेच्या केंद्रावर असतं. त्याच अर्जात मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयाचाही एक रकाना येतो. खाली सरकणाऱ्या यादीतून एक नाव निवडायचं आणि पुढे जायचं, एवढंच काम. पूर्व परीक्षा अजून तीन-चार महिने दूर असते, मुख्य परीक्षा तर त्याहून लांब. त्यामुळे ‘आत्ता काहीतरी टाकून ठेवू, प्रिलिम निघाली की बघू’ असं म्हणत हा रकाना भरणारे दरवर्षी खूप असतात. पुण्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत जून महिन्यात चौकशी केली, तर त्यातले काही नक्की भेटतील. पूर्व परीक्षा पास झाल्याचा आनंद ओसरला की त्यांचा पहिला प्रश्न असतो, आता ऑप्शनल बदलता येईल का?

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. बदल कोणत्या टप्प्यावर हवा आहे, यावर ते ठरतं. म्हणून आधी हा विषय परीक्षेत नेमका कुठे बसतो ते पाहू.

मुख्य परीक्षेत एकूण नऊ पेपर असतात. एक भारतीय भाषेचा आणि एक इंग्रजीचा, हे दोन फक्त पास होण्यापुरते. प्रत्येकी ३०० गुणांपैकी २५ टक्के मिळवावे लागतात, पण ते गुण यादीत धरले जात नाहीत. उरलेले सात पेपर प्रत्येकी २५० गुणांचे. त्यांत निबंधाचा एक, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन. लेखी परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची, म्हणजे गुणवत्ता यादी २०२५ गुणांवर लागते. त्यांतले ५०० गुण एकट्या वैकल्पिक विषयाचे आहेत, जवळजवळ चौथा हिस्सा. सामान्य अध्ययनाच्या चार पेपरांत चांगला अभ्यास केलेल्या मुलांचे गुण बरेच जवळ जवळ येतात. वैकल्पिक विषयात मात्र तयारी असलेला आणि नसलेला यांच्यात मोठं अंतर पडू शकतं.

पूर्वी हा वाटा याहून कितीतरी मोठा होता. २०१२ पर्यंत मुख्य परीक्षेला दोन वैकल्पिक विषय घ्यावे लागत आणि त्यांचे चार पेपर प्रत्येकी ३०० गुणांचे असत. लेखी परीक्षेच्या २००० गुणांपैकी १२०० गुण या दोन विषयांवर होते. शिवाय कोणतेही दोन विषय घ्या, अशी मोकळीक नव्हती. राज्यशास्त्राबरोबर लोकप्रशासन घेता येत नसे, समाजशास्त्राबरोबर मानववंशशास्त्र चालत नसे, गणिताबरोबर संख्याशास्त्र नाही, आणि अभियांत्रिकीच्या शाखांपैकी एकच. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष अरुण निगवेकर यांच्या समितीने या रचनेचा फेरविचार केला आणि २०१३ पासून वैकल्पिक विषय एकच राहिला. जोड्यांची भानगड नागरी सेवेपुरती संपली. भारतीय वन सेवेच्या मुख्य परीक्षेत मात्र आजही दोन विषय घ्यावे लागतात आणि तिथे अशा जोड्यांवर बंदी आहे. कृषिशास्त्र घेतलं तर वनशास्त्र घेता येत नाही, रसायनशास्त्राबरोबर रासायनिक अभियांत्रिकी चालत नाही. नागरी सेवा आणि वन सेवा यांची पूर्व परीक्षा २०१३ पासून एकच आहे. दोन्हींकडे डोळा ठेवणाऱ्या उमेदवाराने म्हणूनच दोन्ही याद्या शेजारी ठेवून विषय ठरवावा. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र हे विषय दोन्ही याद्यांत आहेत. भूगोल वन सेवेच्या यादीत नाही.

नागरी सेवेच्या यादीत आज ४८ पर्याय दिसतात. शेतीपासून प्राणिशास्त्रापर्यंत २५ विषय, आणि त्यांच्यापुढे २३ भाषांचं साहित्य. त्या भाषांत मराठी आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला यांपैकी कोणताही विषय घेता येतो. डॉक्टरने इतिहास घ्यावा, अभियंत्याने मराठी साहित्य घ्यावं, नियमाची आडकाठी नाही. ही मोकळीक २०१३ मध्ये जाता जाता राहिली. त्या वर्षीच्या मार्चमधल्या पहिल्या अधिसूचनेत, ज्याने एखाद्या भाषेचं साहित्य मुख्य विषय म्हणून घेऊन पदवी मिळवली असेल त्यालाच ते साहित्य वैकल्पिक म्हणून घेता येईल, अशी अट होती. प्रादेशिक भाषेच्या माध्यमातून पेपर लिहायचे तर पदवीही त्याच माध्यमातून झालेली हवी आणि ते माध्यम मागणारे किमान २५ उमेदवार हवेत, असंही होतं. संसदेत आणि राज्याराज्यांत, महाराष्ट्रातही, विरोध झाला आणि त्याच महिन्यात या अटी मागे घेतल्या गेल्या. ग्रामीण भागातून विज्ञान शाखेत गेलेल्या आणि मराठीवर पकड असलेल्या मुलांसाठी तो निर्णय फार मोलाचा होता, असं मला मनापासून वाटतं.

आता अर्जाकडे येऊ. आयोगाच्या संकेतस्थळावरची नोंदणी अलीकडे टप्प्याटप्प्याने होते. २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या upsconline.nic.in या पोर्टलवर आधी खातं उघडायचं, मग सर्व परीक्षांसाठी एकदाच करायची नोंदणी, त्यानंतर सर्वांना समान असलेला अर्ज आणि शेवटी त्या त्या परीक्षेपुरता भाग. नाव, जन्मतारीख, आईवडिलांचं नाव या गोष्टी पहिल्या टप्प्यांत साठून राहतात. वैकल्पिक विषय ही एका परीक्षेपुरती, एका वर्षापुरती निवड आहे. मागच्या वर्षी अर्जात काय होतं याचा या वर्षीच्या अर्जाशी काही संबंध नाही. दरवर्षी विषय नव्याने निवडायचा असतो आणि पहिल्या वर्षी भूगोल, दुसऱ्या वर्षी समाजशास्त्र असं केलं तर कोणी अडवत नाही.

गोंधळ होतो तो शेजारशेजारच्या तीन रकान्यांचा. पहिला रकाना मुख्य परीक्षेच्या माध्यमाचा, म्हणजे निबंध आणि सामान्य अध्ययनाची उत्तरं कोणत्या भाषेत लिहिणार. दुसरा सक्तीच्या भारतीय भाषेचा, म्हणजे पास होण्यापुरत्या त्या ३०० गुणांच्या पेपरची भाषा. तिसरा वैकल्पिक विषयाचा. मराठी हे नाव तिन्ही ठिकाणी येऊ शकतं आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. इंग्रजी माध्यम घेऊनही मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो. फक्त त्या दोन पेपरांची उत्तरं मराठीत लिहावी लागतात. उलट, सामान्य अध्ययन मराठीतून लिहिणाऱ्याला वैकल्पिक विषय इंग्रजीतून लिहिण्याची मुभा नियमातच दिलेली आहे. स्थापत्य अभियांत्रिकी किंवा वैद्यकशास्त्र घेणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांना ही सवलत सोयीची पडते. प्रश्नपत्रिका मात्र, भाषा आणि साहित्याचे पेपर सोडले तर, हिंदी आणि इंग्रजीतच छापलेली असते. मराठीतून लिहिणाऱ्याने प्रश्न इंग्रजीत किंवा हिंदीत वाचायचा आणि उत्तर मराठीत द्यायचं.

या रकान्यांतली चूक किती महाग पडते हे उत्तरपुस्तिकेवरच्या सूचनेत लिहिलेलं आहे: प्रवेशपत्रात मान्य केलेल्या माध्यमाखेरीज दुसऱ्या माध्यमात लिहिलेल्या उत्तरांना गुण मिळणार नाहीत. विषयाचंही तेच. परीक्षागृहात समोर येणारी पुस्तिका प्रवेशपत्रावर छापलेल्या विषयाची असते. तिथे पर्यवेक्षकाला सांगून काही उपयोग नाही, कारण बदलून द्यायला त्याच्याकडे दुसरा संच नसतो.

आयोग विषय पक्का करण्याची इतकी घाई का करतो, असं उमेदवाराला वाटणं साहजिक आहे. मुख्य परीक्षेच्या शेवटच्या दिवशी सगळ्या वैकल्पिक विषयांचे पेपर देशभर एकाच वेळी होतात. सकाळी पहिला, दुपारी दुसरा. कोणत्या केंद्रावर कोणत्या विषयाचे किती उमेदवार आहेत, त्यांतले किती कोणत्या भाषेत लिहिणार आहेत, यावर छपाई, पाकिटं आणि बैठकव्यवस्था ठरते. पुढे त्या विषयाच्या, त्या भाषेतल्या उत्तरपुस्तिका तपासायला माणसं नेमावी लागतात. मानववंशशास्त्राची मराठीत लिहिलेली पुस्तिका तपासायला मानववंशशास्त्र आणि मराठी दोन्ही येणारा परीक्षक लागतो. ही सगळी जुळवाजुळव उमेदवारांच्या निवडीवर उभी असते.

बदलाच्या वाटा कुठपर्यंत खुल्या असतात हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण कल्पित आहे, तारखा मात्र २०२५ च्या परीक्षेच्या खऱ्या आहेत. समजा नांदेडची एक मुलगी आहे. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन तिला तीन वर्षं झाली. सामान्य अध्ययन ती मराठीतून लिहिणार आहे. २२ जानेवारीला अधिसूचना निघाली. तिने अर्ज भरताना, पदवी आहेच तर तोच विषय, असं म्हणून वैकल्पिक विषयात स्थापत्य अभियांत्रिकी निवडली. अर्जाची मुदत दोनदा वाढून २१ फेब्रुवारीपर्यंत गेली आणि त्यानंतर दुरुस्तीसाठी काही दिवस मिळाले. दुरुस्तीची ही मुदत गेली काही वर्षं दिली जाते. भरलेल्या अर्जातली चूक निस्तरायची ही हक्काची संधी. या काळात तिने विषय बदलला असता तर काहीच बिघडलं नसतं. कारण द्यायचं नाही, कोणाला विनंती करायची नाही.

पण फेब्रुवारीत तिने स्थापत्यचा अभ्यासक्रम उघडूनच पाहिला नव्हता. एप्रिलमध्ये तिने जुन्या प्रश्नपत्रिका हाती घेतल्या. वैकल्पिक विषयाच्या प्रत्येक पेपरात आठ प्रश्न असतात, दोन विभागांत वाटलेले. पहिला आणि पाचवा प्रश्न सक्तीचा, उरलेल्यांतले तीन निवडायचे आणि प्रत्येक विभागातून किमान एक घ्यायचा. अशा रीतीने तीन तासांत पाच प्रश्न. सक्तीचे दोन प्रश्न छोट्या छोट्या उपप्रश्नांचे असतात आणि ते त्या विभागाच्या सगळ्या घटकांवर पसरलेले असतात. तिच्या लक्षात आलं की संरचना आणि मृदायांत्रिकी तिला आठवतं, पण जलविज्ञान, सर्वेक्षण आणि वाहतूक अभियांत्रिकी जवळजवळ पुसून गेलं आहे, आणि सक्तीच्या प्रश्नांमुळे ते घटक सोडून देता येणार नाहीत. दुसरीकडे मराठी साहित्य ती वर्षानुवर्षं आवडीने वाचत आली होती. अभ्यासक्रमातलं फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा आसूड’ आणि कुसुमाग्रजांचं ‘विशाखा’ तिने आधीच वाचलेलं होतं. विषय बदलावा असं तिला वाटू लागलं, तेव्हा दुरुस्तीची मुदत संपून दीड महिना झाला होता.

इथे तिच्यापुढे एक वाट उरलेली होती आणि ती अर्जाच्या बाहेर होती. या परीक्षेत नुसता अर्ज भरला म्हणून अटेम्प्ट मोजला जात नाही. पूर्व परीक्षेच्या दोन पेपरांपैकी एकाला जरी बसलं तरच तो मोजला जातो. खुल्या गटातल्या उमेदवाराला सहा अटेम्प्ट मिळतात, इतर मागासवर्गीयांना नऊ, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना वयोमर्यादेपर्यंत कितीही. आपली ही मुलगी खुल्या गटातली आहे असं धरू. २५ मेच्या सकाळी ती परीक्षा केंद्रात गेली नसती, तर तिचे सहाच्या सहा अटेम्प्ट शाबूत राहिले असते आणि पुढच्या वर्षी मराठी साहित्य निवडून ती नव्याने अर्ज करू शकली असती. मी हा सल्ला सरसकट देणार नाही. पूर्व परीक्षेचा अनुभव मोलाचा असतो आणि वयही थांबत नाही. पण ज्याच्याकडे एक-दोनच अटेम्प्ट उरले आहेत आणि ज्याने वैकल्पिक विषयाची एक ओळही वाचलेली नाही, त्याने पूर्व परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हा हिशेब नीट मांडायलाच हवा.

ती परीक्षेला बसली. ११ जूनला निकाल लागला आणि तिचा क्रमांक यादीत होता. आता मुख्य परीक्षेसाठी पुन्हा सविस्तर अर्ज भरायचा असतो. उमेदवार त्याला डीएएफ म्हणतात. शिक्षण, नोकरी, छंद यांची माहिती त्यात जाते, आणि विषय बदलण्याची आशा लावून अनेक जण याच अर्जाची वाट पाहत बसतात. इथे नीट समजून घेतलं पाहिजे की डीएएफमधले सगळे रकाने नव्याने भरण्यासाठी मोकळे नसतात. त्या वर्षीची अधिसूचना आणि त्या अर्जाच्या सूचना ज्या बाबी बदलू देतात, तेवढ्याच बदलता येतात. पूर्व परीक्षेच्या वेळी दिलेला विषय तिथे आपोआप बदलून मिळेल असं धरून कोणी चालू नये. आधीच्या वर्षीच्या कोणा मित्राने बदलला होता, हा पुरावा होत नाही, कारण नियम दरवर्षीच्या अधिसूचनेबरोबर नव्याने लागू होतात. आणि हा अर्जही एकदा अंतिम सादर झाला की त्या वर्षापुरता विषय ठरला. त्यानंतर पाठवलेल्या ईमेलवर किंवा दिल्लीला जाऊन दिलेल्या अर्जावर मदार ठेवणं म्हणजे अभ्यासाचे मोलाचे दिवस वाया घालवणं.

समजा एखाद्या वर्षीच्या सूचनांनी या टप्प्यावर विषय बदलायला मुभा दिली. तरी ती वापरावी का? हा प्रश्न नियमाइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याकडे लोक पुरेसं पाहत नाहीत. २०२५ मध्ये पूर्व परीक्षेचा निकाल ११ जूनला लागला आणि वैकल्पिक विषयाचे पेपर ३१ ऑगस्टला झाले. मध्ये ८१ दिवस. या दिवसांत निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि उत्तरलेखनाचा सराव हेही उरकायचं असतं. रोज दहा तास अभ्यास करणाऱ्याने त्यांतले तीन तास वैकल्पिक विषयाला दिले, तर हाती येतात २४३ तास. त्यांत दोन पेपरांचा अभ्यासक्रम पहिल्यापासून वाचायचा, टिपणं काढायची, जुने प्रश्न सोडवायचे आणि उजळणी करायची. आपल्या नांदेडच्या मुलीने अर्धी पुस्तकं आधी वाचलेली होती म्हणून मराठी साहित्याचा विचार तरी करता आला असता. पण पेपर एकमध्ये मराठी भाषेचा इतिहास, बोली, लोकसाहित्य, वाङ्मयेतिहास आणि समीक्षेचे सिद्धांत येतात. आवडीने कविता वाचलेल्या माणसाला ते आपोआप येत नाहीत. कोऱ्या पाटीने सुरुवात करणाऱ्याच्या दृष्टीने तर हे २४३ तास फारच तोकडे.

तिने काय करावं? स्थापत्यच कायम ठेवून, आठवणारे घटक पक्के करून आणि पुसलेल्यांपैकी सक्तीच्या प्रश्नांपुरते घटक उजळून पेपर लिहावेत, असं माझं मत आहे. अटेम्प्ट तर मोजला गेलेला आहे. मुख्य परीक्षा न देऊन तो परत मिळत नाही. उलट पेपर दिले तर सामान्य अध्ययनात आपण किती पाण्यात आहोत हे गुणपत्रिकेतून कळतं आणि पुढच्या जानेवारीत विषय निवडताना हाती काहीतरी ठोस असतं.

निवड करताना लोक एका आकड्याच्या मागे फार लागतात. कोणत्या विषयाचे किती उमेदवार यशस्वी झाले, तो आकडा. आयोगाच्या वार्षिक अहवालात विषयवार माहिती येते आणि क्लासवाले तिच्यातून टक्केवारी काढतात. पण ज्या विषयाला देशभरातून मोजकेच उमेदवार असतात, तिथे ही टक्केवारी काहीच सांगत नाही. वीस जणांनी एखादा विषय घेतला आणि तिघे निवडले गेले की पंधरा टक्के. पुढच्या वर्षी वीसांतला एकच आला की पाच टक्के. विषय तोच, अभ्यासक्रम तोच, फक्त दोन माणसांचा फरक. शिवाय वैद्यकशास्त्र घेणारे बहुतेक डॉक्टर असतात आणि भूगोल घेणारे सगळ्या शाखांतून आलेले. त्यांची टक्केवारी शेजारी ठेवून विषय सोपा की अवघड हे ठरत नाही.

त्याऐवजी एक साधी गोष्ट अर्ज भरण्याआधी करता येते आणि तिला दोन-तीन आठवडे पुरतात. डोळ्यांपुढे असलेल्या दोन विषयांचा अभ्यासक्रम अधिसूचनेतून छापून घ्यावा. प्रत्येकाच्या मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावरून घ्याव्यात. प्रश्न वाचताना प्रत्येक प्रश्न अभ्यासक्रमाच्या कोणत्या ओळीतून आला ते त्या ओळीपुढे लिहीत जावं. मग प्रत्येक विषयातला एक घटक चार-पाच दिवस वाचून त्यावरचे दोन प्रश्न घड्याळ लावून लिहावेत. ज्या विषयाचं पान हात न अडखळता भरतं आणि वाचून झाल्यावर पुढचा भाग उघडावासा वाटतो, तो विषय बहुधा दोन वर्षं सोबत राहू शकतो. आपल्या माध्यमात त्या विषयाची पुस्तकं मिळतात का, हेही याच आठवड्यांत कळतं. मराठीतून लिहिणाऱ्यांना तत्त्वज्ञान किंवा मानववंशशास्त्राचं साहित्य शोधताना बरीच पायपीट करावी लागते आणि ती पायपीट मार्चमध्ये सुरू करणं परवडत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न आता दुप्पट लोकांना पडू लागला आहे. राज्य लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेतून वैकल्पिक विषय २०१२ मध्ये गेले होते आणि परीक्षा बहुपर्यायी झाली होती. २०२२ मध्ये आयोगाने पुन्हा वर्णनात्मक पद्धत जाहीर केली, अगदी केंद्रीय परीक्षेच्या धर्तीवर: नऊ पेपर, लेखी १७५० गुण, मुलाखत २७५ आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर. ती २०२३ पासूनच लागू होणार होती. जुन्या पद्धतीने तयारी केलेल्या मुलांनी पुण्यात आंदोलन केलं आणि अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. राज्याच्या यादीत २६ विषय आहेत. केंद्राच्या यादीतले २५ विषय आणि मराठी साहित्य. त्यामुळे दोन्ही परीक्षा देणाऱ्याने एकच विषय दोन्हीकडे ठेवला तर एकाच अभ्यासावर भागतं. इतर भाषांचं साहित्य घेणाऱ्याला, मग ते हिंदी असो किंवा उर्दू, राज्यसेवेसाठी वेगळा विषय तयार करावा लागेल.

मात्र दोन्ही आयोगांचे नियम एक समजू नयेत. केंद्रीय अर्जात जे जमलं ते राज्याच्या अर्जात जमेल, असं नाही. राज्य आयोगाची जाहिरात आणि मुख्य परीक्षेसाठीच्या सूचना स्वतंत्र असतात आणि विषय कधी द्यायचा, कुठपर्यंत बदलायचा, हे त्यातूनच वाचावं. जाहिरात लांब असते, पण वैकल्पिक विषय, माध्यम आणि अर्जातील बदल या तीन गोष्टींपुरते परिच्छेद शोधून त्यांवर खूण करायला अर्धा तास पुरतो.

अर्ज सादर झाला की त्याची प्रत लगेच उतरवून घ्यावी आणि माध्यम, भारतीय भाषा, वैकल्पिक विषय हे तीन रकाने दुसऱ्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावेत. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही, आणि यादीत शेजारी शेजारी असलेल्या नावांतलं भलतंच नाव बोट सरकून निवडलं गेल्याचे प्रकार घडतात. दुरुस्तीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी हीच तपासणी पुन्हा करावी. मुख्य परीक्षेचं प्रवेशपत्र आलं की त्यावरचा विषय आणि माध्यम अर्जाच्या प्रतीशी ताडून पाहावं. फरक आढळला तर परीक्षेच्या दिवसाची वाट न पाहता, त्याच दिवशी अर्जाची प्रत जोडून प्रवेशपत्रावर दिलेल्या पत्त्यावर आयोगाला कळवावं. अर्जात बरोबर असून प्रवेशपत्रात चुकलं असेल तर हातात पुरावा असतो. अर्जातच चुकलं असेल तर मात्र त्या वर्षी तोच विषय लिहावा लागतो.